मुलाखतीच्या खुर्चीतली सहा मिनिटं

नुकतीच पदवी हातात पडलेल्या मुलामुलींसाठी मुलाखतीच्या तयारीचे व्हिडिओ आज ढिगाने मिळतात. बहुतेकांमध्ये कोट घातलेली एक व्यक्ती कॅमेऱ्याकडे बघून सांगत असते : आत्मविश्वास ठेवा, नजरेला नजर द्या, घाबरू नका. यातलं काही चुकीचं नाही. पण उद्या सकाळी अकराला मुलाखत असलेल्या मुलाला यातून काय करायचं ते कळत नाही. ‘घाबरू नका’ हे ऐकून कुणाची भीती गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

कॉलेजांच्या प्लेसमेंट सेलसाठी असे व्हिडिओ लिहिण्याचं काम मी करतो. या कामात एक नियम पक्का झाला आहे. स्क्रिप्टमधल्या प्रत्येक ओळीचं चित्र काढता आलं पाहिजे. जे दाखवता येत नाही, ते बघणाऱ्याला करताही येत नाही. म्हणून पानाचे दोन भाग करायचे. डावीकडे पडद्यावर काय दिसतं ते आणि उजवीकडे काय ऐकू येतं ते. ‘आत्मविश्वासाने बोला’ असं उजवीकडे लिहिलं की डावीकडे काय लिहायचं हा प्रश्न पडतो, आणि ती ओळ आपोआप गळून पडते.

अशाच एका सहा मिनिटांच्या स्क्रिप्टची ही मांडणी. सावकाश, समजेल असं मराठी बोलताना मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात. म्हणजे सहा मिनिटांत सातशे शब्दांच्या वर जाता येत नाही. त्यात शांतताही दाखवायची आहे, म्हणून आणखी कमी. इतक्या थोड्या जागेत वीस प्रश्नांची उत्तरं कोंबण्यात अर्थ नसतो. दोन-तीन प्रश्न घ्यावेत आणि ते पुरते दाखवावेत.

पहिला प्रश्न, दोन वेळा

आपली उमेदवार बी.कॉम. झालेली आहे. एका मध्यम आकाराच्या कारखान्यात अकाउंट्स असिस्टंटची जागा आहे. समोर दोघं बसलेत, अकाउंट्सचे प्रमुख आणि एचआरच्या मॅडम. पहिली तीस सेकंदं दाराची. ती दार लोटते, “आत येऊ का?” विचारते, नमस्कार करते आणि बसायला सांगितल्यावर बसते. फाइल मांडीवर न ठेवता टेबलाच्या कडेला ठेवते. का, ते पुढे येईल.

मग नेहमीचा प्रश्न येतो : “स्वतःबद्दल सांगा.”

पहिल्या दृश्यात ती पाठ केलेलं म्हणते. नाव, गाव, घरी कोण कोण, दहावी-बारावीचे टक्के, वाचन आणि प्रवासाची आवड, ‘मी मेहनती आणि प्रामाणिक आहे’. कॅमेरा तिच्यावरून हलतो आणि टेबलावरचा बायोडेटा दाखवतो. ती जे बोलते आहे, ते सगळं त्यावर छापलेलं आहे. साहेब मान हलवतात आणि पुढचा कागद उलटतात. निवेदकाने इथे काही बोलू नये. चित्राने सांगितलेलं पुरे असतं.

दुसऱ्या दृश्यात तोच प्रश्न, तीच मुलगी :

“मी यंदा बी.कॉम. पूर्ण केलं. शेवटच्या वर्षी सकाळी कॉलेज आणि दुपारी एका सीएंच्या ऑफिसात काम, असं आठ महिने केलं. माझ्याकडे दोन दुकानदारांच्या टॅलीतल्या नोंदी होत्या, आणि दर महिन्याला खरेदीची बिलं जीएसटीआर-२बीशी जुळवायचं काम होतं. सुरुवातीला मी एकेक बिल डोळ्यांनी जुळवायचे, त्यात दोन दिवस जायचे. मग एक्सेलमधलं VLOOKUP शिकले. आता जुळणारी बिलं तासाभरात बाजूला होतात, आणि न जुळणारी तेवढीच तपासावी लागतात. त्यातली बरीच बिलं पुरवठादाराने नंबर चुकीचा टाकल्यामुळे अडकलेली असतात. तुमच्या जाहिरातीत पुरवठादारांची खाती सांभाळायचं काम लिहिलंय. मला हेच काम पुढे शिकायचं आहे.”

हे जेमतेम पाऊण मिनिटाचं उत्तर आहे. जीएसटीआर-२बी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. व्यापाऱ्याने खरेदीवर भरलेला जीएसटी त्याला आपल्या करातून वजा करता येतो, पण त्यासाठी पुरवठादाराने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवलेलं असावं लागतं. अशी दाखवलेली बिलं पोर्टलवर दर महिन्याला एका तक्त्यात येतात. तो तक्ता म्हणजे २बी. आपली खरेदीची वही आणि हा तक्ता जुळवणं हे अकाउंट्समधलं रोजचं काम आहे.

या उत्तराची रचना चार पायऱ्यांची आहे. परिस्थिती काय होती, माझ्याकडे काम कोणतं होतं, मी काय केलं आणि त्याचं काय झालं. इंग्रजी आद्याक्षरं घेऊन हिला ‘स्टार’ पद्धत म्हणतात आणि प्लेसमेंटच्या वर्गात ती सर्रास शिकवली जाते. बहुतेक मुलं पहिल्या दोन पायऱ्यांवर रेंगाळतात. ऑफिस कसं होतं, सर किती चांगले होते, काम किती होतं. मुलाखत घेणाऱ्याला तिसरी पायरी हवी असते, ‘मी काय केलं’. तिथेच पुष्कळांचं ‘आम्ही’ सुरू होतं. आमच्या ग्रुपने प्रोजेक्ट केला, आम्ही सर्व्हे केला. म्हणून स्क्रिप्टमध्ये इथे निवेदक एकच वाक्य बोलतो : “ग्रुपने काय केलं ते अर्ध्या वाक्यात सांगा, तुम्ही स्वतः काय केलंत ते तीन वाक्यांत.”

चांगल्या उत्तराचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो नवख्यांना सहसा माहीत नसतो. पुढचा प्रश्न कोणता येणार हे बऱ्याच अंशी आपलं उत्तरच ठरवतं. समोरचा माणूस तुमच्या बोलण्यातला एक धागा पकडतो आणि ओढतो. छंद सांगितलेत तर छंदांबद्दल विचारेल, आणि तिथे सहा महिन्यांत एकही पुस्तक वाचलेलं नसतं. इथे साहेब विचारतात, “समजा, बिल तुमच्याकडे आहे पण २बीमध्ये दिसतच नाही. मग?” ती सांगते, “आधी पुरवठादाराला फोन करून त्यांनी जीएसटीआर-१ भरला का ते विचारते. उशिरा भरला असेल तर ते बिल पुढच्या महिन्याच्या तक्त्यात येतं. तोवर त्या बिलाचा कर वजा करत नाही, वेगळ्या यादीत ठेवते.” हे तिने पाठ केलेलं नाही, ते तिने केलेलं आहे. म्हणून प्रश्न कुठूनही आला तरी ती सापडत नाही.

ज्यांनी कुठेच नोकरी केलेली नाही त्यांचं काय? त्यांनी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, एनएसएसचं शिबिर, घरच्या दुकानाचा हिशोब किंवा गॅदरिंगची वर्गणी, यातलं जे खरोखर केलं ते घ्यावं. चार पायऱ्या त्यालाही लागू पडतात. मुलाखत इंग्रजीत असेल तर आधी मुद्दे मराठीत काढावेत आणि तेच मुद्दे छोट्या इंग्रजी वाक्यांत वेगवेगळ्या शब्दांत दोन-तीनदा बोलून बघावेत. अख्खा परिच्छेद पाठ केला की एक शब्द निसटताच पुढचं सगळं अडतं. मुद्दे लक्षात असले तर शब्द निसटला तरी गाडी पुढे जाते.

केटी लागली होती का?

पुढच्या सव्वा मिनिटात अडचणीचे दोन प्रश्न आहेत. पहिला, “तुमच्यातली कमतरता कोणती?” याला ‘मला सगळं अगदी परफेक्ट लागतं’ हे उत्तर इतक्यांनी दिलेलं आहे की ऐकणारा ते टिपूनही घेत नाही. आपली उमेदवार सांगते, “फोनवर पुरवठादारांशी बोलताना मी अडखळायचे, अर्धी माहिती विचारायची राहून जायची. आता फोन करण्याआधी विचारायचे मुद्दे कागदावर लिहून घेते.” कमतरता खरी आहे, छोटी आहे, आणि तिच्यावर काय उपाय चालू आहे तेही कळतं. मात्र जे काम करायला घेतायत त्याच्या मुळावर येणारी कमतरता इथे सांगू नये. अकाउंट्सच्या मुलाखतीत ‘आकडेमोडीत माझ्या चुका होतात’ म्हटलं तर तो प्रामाणिकपणा फार महाग पडतो.

दुसरा प्रश्न गुणपत्रिकेवरून येतो. “दुसऱ्या वर्षी कॉस्टिंगला केटी दिसते.” इथे बहुतेक मुलं घसरतात. उत्तर चुकीचं असतं असं नाही, ते थांबत नाही. पेपर अवघड होता, मग तब्येत बरी नव्हती, मग सरांनी शिकवलंच नव्हतं. एकामागून एक कारणं येत राहतात आणि प्रत्येक कारणाबरोबर आधीचं कमी खरं वाटू लागतं. स्क्रिप्टमध्ये तिला तीनच वाक्यं दिली आहेत : “हो, कॉस्टिंगला केटी लागली होती. मी गणितं सोडवून न बघता नुसती वाचली होती. पुढच्या परीक्षेत विषय सुटला.” आणि ती थांबते.

यानंतर डाव्या बाजूला मी लिहितो, ‘शांतता, चार सेकंद. साहेब कागदावर काहीतरी लिहितात.’ एडिटिंग करणारा हमखास हा तुकडा कापायला बघतो, कारण व्हिडिओत चार सेकंदं फार लांब वाटतात. त्याला मी आधीच बजावून ठेवतो. मुलाखतीतही ती तितकीच लांब वाटतात, आणि त्या पोकळीला घाबरून मुलं पुन्हा बोलायला लागतात. समोरचा नुसतं लिहीत असतो. ती शांतता तुम्ही भरायची नसते. बघणाऱ्याने एकदा ती पडद्यावर सोसली की खोलीत सोसणं थोडं सोपं जातं.

ज्याचं उत्तर येत नाही त्या प्रश्नालाही तसंच. “हे मी केलेलं नाही. माझा अंदाज सांगू का?” असं म्हणून परवानगी मिळाली तर अंदाज सांगावा. नवख्याला सगळं येत नसणार हे समोरच्याला माहीत असतं. न येणारं येतं म्हणून सांगणं मात्र दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं.

हात, पाय आणि ‘ॲक्च्युअली’

देहबोलीबद्दलच्या बहुतेक व्हिडिओंत एक आकडा येतो : संवादाचा ५५ टक्के भाग देहबोलीचा, ३८ टक्के आवाजाचा आणि फक्त ७ टक्के शब्दांचा. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या प्रयोगांवरून आलेले आहेत. त्या प्रयोगांत सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवून आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवून, बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही याचा अंदाज लोकांना करायला सांगितला होता. भावना आणि आवडनिवड यांच्यापलीकडे हे प्रमाण लावू नये, असं मेहराबियन यांनी स्वतःच पुढे सांगितलं. मुलाखतीत जीएसटीआर-२बीबद्दल विचारलं असता त्या उत्तराचा ९३ टक्के भाग चेहऱ्यात आणि आवाजात असूच शकत नाही. म्हणून माझ्या स्क्रिप्टमध्ये हा आकडा नसतो. देहबोलीचं काम एवढंच की तिने उत्तराच्या आड येऊ नये.

ती आड येते ती सवयींमधून. पेनचं बटण टकटक दाबणं, पाय हलवणं, फिरत्या खुर्चीत डावी-उजवीकडे झुलणं, ओढणीचं टोक पिळणं, फाइलचा कोपरा उलगडत बसणं, मानेवर हात नेणं. आणि तोंडाच्या सवयी : प्रत्येक वाक्याआधी ‘ॲक्च्युअली’ किंवा ‘बेसिकली’, प्रत्येक वाक्यानंतर ‘सर’. करणाऱ्याला यांचा पत्ता नसतो. त्यामुळे ‘पाय हलवू नका’ सांगून उपयोग होत नाही. मुळात पाय हलतोय हेच त्याला ठाऊक नसतं. सांगितल्यावर तो सगळं लक्ष पायाकडे लावतो आणि प्रश्न अर्धाच ऐकतो.

या बाबतीत मानसोपचारातली एक जुनी पद्धत कामाची आहे. नेथन अझरिन आणि ग्रेगरी नन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अशाच सवयींवर आणि चेहऱ्याच्या आचक्यांवर उपचाराची पद्धत मांडली. तिचे दोन मुख्य भाग आहेत. आधी माणसाला आपली सवय नेमकी कधी आणि कशी सुरू होते ते ओळखायला शिकवायचं. मग ती सुरू होतेय असं वाटताच अशी एखादी साधी हालचाल करायची की तिच्याबरोबर ती सवय शरीराला करताच येणार नाही. ही हालचाल काही मिनिटं धरून ठेवता आली पाहिजे आणि ती कुणाच्या डोळ्यांवर येता कामा नये. ज्यांचं रोजचं जगणं सवयीमुळे अडतं त्यांनी हा उपचार तज्ज्ञाकडूनच घ्यावा. आपण त्यातलं फक्त सूत्र उचलायचं : ‘हे करू नको’च्या जागी ‘हे कर’.

म्हणून स्क्रिप्टच्या दीड मिनिटात प्रत्येक सवयीसमोर एक हालचाल दाखवली जाते. पाय हलतो? दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकवा आणि टाचांवर हलका भार द्या. तळवा टेकलेला असताना गुडघा नाचवता येत नाही, आणि फिरती खुर्चीही जागची हलत नाही. हात काहीतरी चाळतात? एका हाताचा पंजा दुसऱ्यावर ठेवा, हलकेच, मुठी न आवळता. बोलताना हात उठले तर उठू द्या, पण परत येण्याची त्यांची जागा ठरलेली असू द्या. फाइल मांडीवर का नाही, पेन खिशात का, याचं उत्तर इथे मिळतं. हातात वस्तूच नसली तर चाळणार काय?

‘ॲक्च्युअली’चा उपायही असाच. हा शब्द येतो तो विचार करायला वेळ हवा असतो म्हणून. तो वेळ तोंड मिटून घ्यायचा. प्रश्न संपला की ओठ मिटून नाकाने एक श्वास आणि मग पहिला शब्द. मिटलेल्या ओठांतून ‘ॲक्च्युअली’ निघत नाही. प्रश्न मोठा असेल तर “एक क्षण विचार करून सांगते” म्हणावं. कुणी नाही म्हणत नाही.

नजरेचा प्रश्न आपल्याकडे थोडा वेगळा आहे. मोठ्यांशी बोलताना मान खाली ठेवावी असं ज्या घरांत शिकवलं जातं, तिथल्या मुलीला ‘डोळ्यांत डोळे घाला’ सांगणं म्हणजे उद्धटपणा करायला सांगणं वाटतं. तिने समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधल्या जागेकडे बघावं. टेबलापलीकडच्या माणसाला यातला फरक जाणवत नाही. दोघं-तिघं बसलेले असतील तर उत्तराची सुरुवात प्रश्न विचारणाऱ्याकडे बघून करावी, मध्ये इतरांकडे नजर न्यावी, शेवट पुन्हा विचारणाऱ्याकडे. मुलाखत ऑनलाइन असेल तर लॅपटॉपखाली चार पुस्तकं ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर आणावा आणि बोलताना पडद्यावरच्या चेहऱ्याऐवजी त्या कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बघावं.

या भागाच्या शेवटी निवेदक एक गोष्ट सांगतो, आणि ती वगळू नये असा माझा आग्रह असतो. केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना भाषण करायला लावलं होतं. आपली घबराट ऐकणाऱ्यांना किती दिसली याचा भाषण करणाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाला. पुढे काहींना भाषणाआधीच हे समजावून सांगितलं, तेव्हा त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. छातीतली धडधड तुम्हाला ऐकू येते, समोरच्याला नाही. घाम, थोडा थरथरता आवाज, पहिल्या वाक्याला अडखळणं, हे सगळं चालतं. बोलताना अडखळण्याची मुळातच अडचण असलेल्याने हवं तर सुरुवातीलाच सांगून टाकावं : “मला बोलायला थोडा वेळ लागतो.” मग ते लपवण्यात जाणारी शक्ती उत्तरासाठी उरते.

शेवटची पाऊण मिनिटं

व्हिडिओ कितीही चांगला असला तरी बघणाऱ्याला स्वतःच्या सवयी दिसत नाहीत, त्या पडद्यावरच्या मुलीच्या दिसतात. म्हणून शेवटी एक गृहपाठ. मोबाइल पुस्तकांना टेकवून छातीच्या उंचीवर असा ठेवा की डोक्यापासून पायांपर्यंत सगळं दिसेल. मित्राला किंवा बहिणीला हे तीन प्रश्न विचारायला सांगा : स्वतःबद्दल, कमतरता, आणि तुमच्या गुणपत्रिकेतली सगळ्यात अडचणीची ओळ.

मग चित्रीकरण दोनदा बघायचं. पहिल्यांदा आवाज बंद करून. आपण काय बोलतोय ते ऐकू येत असलं की लक्ष तिकडे जातं आणि हातपाय दिसत नाहीत. आवाज बंद केला की पेन, पाय, ओढणी लगेच नजरेत भरतात. दुसऱ्यांदा फोन पालथा ठेवून नुसतं ऐकायचं आणि ‘ॲक्च्युअली’, ‘म्हणजे’, ‘सर’ यांच्या कागदावर रेघा मारायच्या. जी एक सवय सगळ्यात जास्त दिसली, तेवढीच निवडायची आणि तिच्यासाठी ठरलेली हालचाल घेऊन पुन्हा चित्रीकरण करायचं. सगळ्या सवयी एकदम घालवायला गेलात तर खुर्चीत पुतळा बसल्यासारखे दिसाल.

हे मुलाखतीच्या आदल्या रात्री करू नका. त्या रात्री फक्त नव्या चिंता मिळतात. आठवडाभर आधी सुरू करा आणि एक दिवसाआड करा. विषय येत नसेल तर यातलं काहीही तुम्हाला वाचवणार नाही, हेही लक्षात असू द्या. ज्याला २बी जुळवता येत नाही त्याने आधी ते शिकावं, हातापायांचं नंतर बघावं. पण विषय येत असूनही खुर्चीत बसल्यावर जे तोंडातून निघत नाही त्याच्यासाठी, मुलांनो, तिसरा व्हिडिओ शोधत बसू नका. स्वतःचा एक काढा, आणि पहिल्यांदा आवाज बंद करून बघा.